अलिबागचा किल्ला, टांगा आणि "आज ओहोटीच नाही"

मीनल_डोंबिवली (सोमवार, रात्री ९:४०)

शनिवारी अलिबागला गेलो होतो. मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. कुलाबा किल्ला समोर दिसत होता आणि मध्ये पाणी. ओहोटीला चालत जाता येतं एवढं ऐकून होतो, म्हणून तिथे उभ्या असलेल्या एका टांगेवाल्याला विचारलं, ओहोटी किती वाजता? तो म्हणाला, "आज ओहोटीच नाही ताई. झाली तर पाचनंतर, आणि तेव्हा किल्ल्यात सोडत नाहीत. बसा, दीडशे माणशी."

बसलो. सहाशे रुपये दिले. पाणी टांग्याच्या चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत आलं, मुलाला गंमत वाटली, सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. किल्ला बघितला, गणपतीचं दर्शन घेतलं, तासाभराने बाहेर आलो तर तोच टांगेवाला म्हणतो, "परतीचे सहाशे." मी म्हटलं, दीडशेत जाऊन-येऊन होतं ना? तर म्हणे, "मी कुठे म्हटलं जाऊन-येऊन?" आणि खरंच, त्याने म्हटलं नव्हतं. आम्ही विचारलं नव्हतं.

दिले. पण खरा राग पुढेच आला. परत येताना सव्वा वाजला असेल. आमच्या टांग्याच्या बाजूने एक बाई चालत किल्ल्याकडे निघाली होती. एका हातात चपला, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, साडी थोडी वर खोचलेली. पाणी घोट्याच्या जरा वर होतं. पोटरीपर्यंतही नाही. तिच्यामागे कॉलेजची पाच-सहा मुलं. ज्या दिवशी "ओहोटीच नाही" त्या दिवशी माणसं चालत जात होती!

प्रश्न एवढाच आहे की, नवख्या माणसाने किनाऱ्यावर उभं राहून हे ओळखायचं कसं? समोरचा सांगतो ते खरं की खोटं?

---

घाटावरचा_बाळ्या (सोमवार, १०:०५)

ताई, कोकणात उतरलं की पहिला फटका स्टेशनवरच बसतो. आम्ही मागच्या वर्षी पहाटे पाचला रत्नागिरीला उतरलो. स्टेशन गावापासून लांब, अंधार, बायकोच्या मांडीवर पोर. एक रिक्षावाला आला, म्हणाला एसटीचा संप चाललाय, काल रात्रीपासून एक गाडी हलली नाही. गणपतीपुळ्याला नऊशे घेतले. सकाळी लॉजच्या गॅलरीतून बघतो तर लाल डबा रुबाबात खाली उभा! त्यामुळे स्टेशनवर रिक्षा आधी मोबाईलवरून ठरवून ठेवायची, हा माझा सल्ला.

---

मीनल_डोंबिवली (सोमवार, १०:१२)

बाळ्या, वाईट वाटलं वाचून, पण माझा प्रश्न रिक्षाचा नाही हो. भरती-ओहोटीचा आहे.

---

शंकासूर (सोमवार, १०:३१)

प्रश्न एकच आहे खरं तर. संप आहे की नाही हे बाळ्याला माहीत नव्हतं, पाणी उतरणार की नाही हे तुम्हाला. दोन्हीकडे समोरच्याला माहीत होतं. बाळ्याने फलाटावरच्या चहावाल्याला विचारलं असतं तर नऊशे वाचले असते. चहावाल्याला रिक्षातून काही मिळत नाही.

---

रोहन_प्र (सोमवार, ११:१५)

जरा थांबा. टांगेवाल्याला खोटारडा ठरवण्याआधी आकडे बघा. मी आत्ताच एका साईटवर शनिवारचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. ओहोटी सकाळी ८:१० ला होती. म्हणजे तुम्ही सव्वाअकराला पोहोचलात तेव्हा ओहोटी होऊन तीन तास झाले होते, पाणी चढत होतं आणि पुढची ओहोटी रात्री साडेआठला. माणूस बरोबरच सांगत होता की. उगाच गरिबाच्या पोटावर पाय कशाला?

---

मीनल_डोंबिवली (सोमवार, ११:२२)

पण मग ती बाई? जाताना पाणी चाकाच्या तुंब्याला, दोन तासांनी घोट्याला. चढतं पाणी असं कमी होतं का?

---

थळकर_मास्तर (मंगळवार, सकाळी ६:५०)

रोहनराव, ताईंचे डोळे बरोबर आहेत, तुमची साईट चूक आहे. किंवा साईट बरोबर आणि घड्याळ चूक, ते नंतर बघू.

माझा जन्म थळचा. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. लहानपणी घरात कुणाकडे छापील कोष्टक नव्हतं, कालनिर्णय होतं. त्यावरची तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन, तीन मोजायला लागायचं. शुक्ल असो वा कृष्ण, हिशोब तोच.

शनिवारी दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे पूर्ण भरती सकाळी साडेसातला. भरतीपासून सुकती सव्वासहा तासांवर धरायची, अगदी नेमकं सांगायचं तर दहा-बारा मिनिटं अधिक सहा तास. साडेसात आणि सहा-दहा, झाले एक-चाळीस. शनिवारची सुकती दुपारी पावणेदोनच्या आत-बाहेर होती. ताई पोहोचल्या सव्वाअकराला, तेव्हा पाणी पावणेचार तास उतरत होतं आणि अजून अडीच तास उतरणार होतं. परतताना सव्वा वाजलेला, म्हणजे जवळजवळ तळाला आलेलं. ती डबेवाली बाई गावातलीच असणार. ती घरून वेळ बघूनच निघाली असेल.

"पाचनंतर" हे कुठूनही निघत नाही. पाचला सुकती होते ती पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास.

---

शंकासूर (मंगळवार, ९:१०)

मास्तर, सलाम. आणि रोहनच्या ८:१० चं कोडं सुटलं. एक-चाळीस म्हणजे १३:४०. त्यातून साडेपाच तास वजा करा. बरोब्बर ८:१०. रोहन, तुझ्या साईटच्या कोपऱ्यात वेळ ग्रिनिचची आहे का बघ.

---

रोहन_प्र (मंगळवार, ९:२५)

…आहे. खाली बारीक अक्षरात GMT लिहिलंय. मागे घेतो. टांगेवाल्याची वकिलीही मागे घेतो.

पण मंडळी, हे गमतीचं नाही. या साईटवर विश्वास ठेवून कुणी चालत गेलं असतं तर? मी सकाळी आठला "ओहोटी आहे" म्हणून निघालो असतो तर साडेसातच्या भरतीनंतर लगेच, म्हणजे जवळजवळ भर पाण्यात गेलो असतो.

---

थळकर_मास्तर (मंगळवार, ९:४८)

पाणी समोर दिसलं असतं, त्यामुळे गेला नसतात. पण मुद्दा खरा आहे. म्हणून कुठलंही कोष्टक घेतलं की आधी एक गोष्ट पडताळायची, ते पौर्णिमेच्या दिवशी काय दाखवतं. मुंबई-अलिबागकडे पौर्णिमेला आणि अमावस्येला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास असते. कोष्टक पौर्णिमेला सकाळी सहाची भरती दाखवत असेल तर ते आपल्या घड्याळात नाही. मुंबईच्या वर्तमानपत्रांत भरतीच्या वेळा येतात, त्या अलिबागला चालतात, फरक थोड्या मिनिटांचा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्थाही बंदरांच्या वेळा देते.

---

अपर्णा_ठाणे (मंगळवार, ११:३०)

मी वाचलंय की पौर्णिमेला ओहोटी सगळ्यात मोठी असते, पाणी एकदम लांब जातं. मग सोपं आहे की, पौर्णिमेला जायचं, टांगा लागतच नाही!

---

थळकर_मास्तर (मंगळवार, दुपारी १२:१५)

अर्धं बरोबर. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं. भरती मोठी, सुकतीही मोठी, वाट खडखडीत कोरडी होते. पण केव्हा? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, सुकती साडेपाचला. म्हणजे पहाटे साडेपाचला नाहीतर संध्याकाळी साडेपाचला. मुंबईहून न्याहारी करून निघालेला माणूस अकरा-बाराला किनाऱ्यावर येतो, तेव्हा त्याच्यासमोर पंधरवड्यातलं सगळ्यात जास्त पाणी उभं असतं.

अष्टमीला उलटं. आठची पाऊणपट सहा, सुकती दुपारी बाराला, वेळ अगदी सोयीची. पण तेव्हा भांग असतो. पाणी चढतही थोडं, उतरतही थोडं. वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही, घोटा-पोटरीभर पाणी राहतं. ताईंची दशमी म्हणजे भांग नुकता सरत आलेला, म्हणून त्या बाईच्या घोट्यापर्यंत पाणी होतं. हिशोब जुळतो.

आणि या पाऊणपटीला वेद मानू नका. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, वारा पाणी दाबून धरतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. टांगेवाला खरं बोलतोय की नाही एवढं ओळखायला पुरते. जीव टांगायला नाही.

---

दांडीवरचो (मंगळवार, १:४०)

मास्तरानू, आता तिथी कोण बघता? पोरांका मोबाईल होयो. पण आमच्या मालवणाक तुमची पाऊणपट तशीच लावू नका हां. हय भरती जरा आधी येता, आणि पाणी तुमच्याइतक्या चढणा-उतरणाही नाय. सिंधुदुर्गाक बारा महिने होडीच लागता, चलत जाण्याचो प्रश्नच नाय. पावसात होडये बंद. मे सरता सरता बंद होतत त्या ऑगस्ट संपासर. त्या दिवसांत कोण "सोय करतंय" म्हणून सांगूक इलो तर त्याच्या नादाक लागा नको.

---

वैशाली_रेवदंडा (मंगळवार, ४:०५)

मी जरा दुसरी बाजू सांगते. माझ्या नात्यात टांगा आहे. घोड्याचा खर्च बारा महिने, धंदा आठ महिन्यांचा, त्यातही शनिवार-रविवार. सगळे टांगेवाले फसवतात असं इथे चित्र उभं राहतंय ते बरोबर नाही. मीनलताई, तुमच्याबरोबर सासूबाई होत्या. ती वाट वाळूची नाही फक्त, मध्ये शेवाळलेले खडक आहेत. तुम्ही त्यांना चालत नेलं असतंत का?

आणि "ओहोटी नाही" याचा अर्थ आमच्याकडे कधीकधी "आज वाट कोरडी होणार नाही" असाही असतो. भांगात नाहीच होत.

---

मीनल_डोंबिवली (मंगळवार, ४:३०)

वैशालीताई, सासूबाईंसाठी मी टांगाच केला असता, ते मान्य. दीडशेलाही माझी हरकत नाही. पण मग त्याने सांगायचं होतं, "पाणी राहील थोडं, आजींना त्रास होईल, टांग्यात बसवा, तुम्ही दोघं तासाभराने चालत या." मी खुशीने दिले असते. "पाचनंतर" कशाला?

आणि परतीचं काय?

---

वैशाली_रेवदंडा (मंगळवार, ५:१०)

परतीचं चूक आहे. त्यात मी बाजू घेणार नाही. आमच्या घरात जाऊन-येऊनच भाव सांगतात आणि पैसे परत आल्यावर घेतात. बसण्याआधी एवढंच म्हणायचं, "जाऊन-येऊन ना? परत आल्यावर देते." ज्याला मधे अडवायचं असतं तो यावर लगेच कुरकुर करतो. मग दुसरा टांगा बघायचा, एकच थोडा असतो तिथे.

पाचचं मला माहीत नाही. मी तिथे नव्हते.

---

शंकासूर (मंगळवार, ५:४०)

परतीचे पैसे हा जास्त जुना डाव आहे आणि पाण्याने वेढलेल्या जागी तो हमखास चालतो. किनाऱ्यावर तुमच्यासमोर दहा टांगे, किल्ल्याच्या दारात एकच. भाव तिथे ठरवायची वेळ आली की हरलात.

जंजिऱ्याला माझं असंच झालं. राजपुरीला होडीचं तिकीट काढलं, शिडाची होडी अर्ध्या पाण्यात गेली आणि एक जण उठून म्हणाला, "गाईडचे माणशी एवढे काढा." लोक एकमेकांकडे बघायला लागले आणि एकाने दिले की सगळे देतात. मी म्हटलं, मला गाईड नको. तो म्हणाला, होडी पाऊण तासच थांबते, गाईडबरोबर नसाल तर राहाल मागे. मी गाईड न घेता फिरलो, त्याच होडीतून परत आलो, कुणी सोडून गेलं नाही. बाकी गाईडने सांगितलेल्या गोष्टी कानावर पडत होत्या, त्यातल्या निम्म्या इतिहासात नाहीत. निम्म्या मात्र मजेदार होत्या.

---

मीनल_डोंबिवली (मंगळवार, रात्री ९:००)

मास्तर, एक राहिलंच. तिथी आठवली नाही, मोबाईलला रेंज नाही. किनाऱ्यावर नुसतं उभं राहून पाणी चढतंय की उतरतंय हे कळतं का?

---

थळकर_मास्तर (बुधवार, ६:३०)

कळतं. शाळेच्या सहली नेल्या आहेत, पोरांना हेच शिकवायचो.

पाण्याच्या कडेशी जा. लाट जिथपर्यंत येऊन थांबते तिथे चप्पल उभी रोवा किंवा काठी खोचा, आणि दहा मिनिटं भेळ खा. एका लाटेवर जाऊ नका, लाट लहान-मोठी असते. दहा मिनिटांत सगळ्यात लांब आलेली लाट कुठवर पोहोचली ते बघा. अलिबागचा किनारा सपाट आहे, पाणी हातभर उतरलं तरी कड कितीतरी पावलं मागे सरते. उतरत असेल तर काठी कोरडी पडून लांब राहते. चढत असेल तर काठीभोवती पाणी खेळायला लागतं.

काठीही नको असेल तर वाळू बघा. पाणी उतरत असताना त्याच्या वरच्या बाजूला ओल्या, चमकणाऱ्या वाळूचा रुंद पट्टा असतो, त्यावर खेकड्यांची भोकं आणि गोळ्या. चढत असताना लाट थेट कोरड्या वाळूवर येते, पट्टा नसतोच.

तिसरी खूण खास अलिबागची. किल्ल्याकडून परतणाऱ्या टांग्याचं चाक बघा. लाकूड कुठपर्यंत ओलं आहे? तुंब्याच्या वर ओलं असेल तर मधे मांडीभर पाणी आहे. खालचाच भाग ओला असेल तर गुडघ्याच्या आत. घोडा पोटाला पाणी लागलं की पुढे जायला कां-कूं करतो, म्हणून खरोखर भरती असेल तेव्हा टांगेही बंद असतात. टांगा जातोय याचाच अर्थ पाणी फार नाही. सव्वाअकराला तुमच्यासमोर टांगे जात होते, आणि ते पाणी उतरणारं होतं. तासभर किनाऱ्यावर बसला असतात, जेवला असतात, साडेबाराला पाय भिजवत गेला असतात.

---

रोहन_प्र (बुधवार, १०:२०)

हे भारी आहे. फेसबुकवर टाकू का?

---

निशिकांत_वरसोली (बुधवार, ११:४५)

टाकू नका. किंवा टाकलंत तर माझं हे पण टाका.

मी किनाऱ्यावरच्या बचावाच्या कामात काही वर्षं होतो. किल्ल्यात अडकलेले लोक दोरी लावून, होडीने आणावे लागतात. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना ओहोटीची वेळ माहीत असते हो. त्यांना परतीची वेळ माहीत नसते. ओहोटी दीडला म्हणून दीडला निघतात, किल्ल्यात फोटो काढत बसतात, साडेतीन-चारला बाहेर येतात आणि म्हणतात, आत्ता तर कोरडं होतं!

सुकतीनंतरचा पहिला तास पाणी हलल्यासारखं दिसतही नाही. म्हणून माणूस गाफील राहतो. दुसऱ्या तासात कळायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या तासात ते अक्षरशः धावतं, एकूण जेवढं चढायचं त्यातलं निम्मं त्या दोन तासांत चढतं. आणि ते समोरून येत नाही, किल्ल्याच्या दोन्ही अंगांनी येऊन मधल्या वाटेत मिळतं. मागे वळून बघाल तेव्हा वाट गेलेली असते.

शनिवारचाच दिवस घ्या. सुकती एक-चाळीस. मी लहान मूल घेऊन गेलो असतो तर साडेबाराला निघालो असतो आणि सव्वादोन-अडीचला किनाऱ्याच्या वाळूवर परत असतो. तीनला किल्ल्यात असेन तर चालत निघणार नाही, टांगा सांगेन, आणि तो मागेल ते देईन. चारला टांगाही मिळेलच याची खात्री नाही. पावसाळ्यात यातला एकही हिशोब लावायचा नाही.

अडकलात तर किल्ल्यातच थांबा, ११२ ला फोन करा. आत कोरडं असतं, रात्र काढता येते. उतरून चालायला लागणारे बुडतात.

टांगेवाल्याने बाराशे घेतले हे वाईटच. पण ताई, तुम्ही चौघंही घरी आलात.

---

मीनल_डोंबिवली (बुधवार, १२:३०)

निशिकांतजी, अंगावर काटा आला. खरं सांगू, आम्ही चालत गेलो असतो तर तीनपर्यंत नक्कीच आत बसलो असतो. मुलाला तोफा सोडवत नव्हत्या.

---

शंकासूर (बुधवार, १२:५०)

पण म्हणून खोटं सांगितलेलं खरं होत नाही. उलट मला हेच जास्त घातक वाटतं. आज "ओहोटी नाही" म्हणाला आणि ओहोटी निघाली. मग पुढच्या वेळी एखादा भला टांगेवाला "आता जाऊ नका, पाणी चढतंय" म्हणेल, तेव्हा मीनलताई म्हणतील, हे असंच सांगतात. आणि चालायला लागतील.

---

वैशाली_रेवदंडा (बुधवार, १:१५)

हे मात्र पटलं. हे मी घरी वाचून दाखवणार आहे.

---

अपर्णा_ठाणे (बुधवार, ३:३०)

विषय अलिबागचा आहेच तर मांडव्याचंही लिहिते. गेटवेवरून लाँचने उतरलो की जेट्टीच्या तोंडाशी रिक्षावाले असतात. मला एकाने सांगितलं, "बस गेली, आता दोन तास नाही." मी पाचशे देऊन अलिबागला आले. नंतर मैत्रिणीने सांगितलं की मी आले त्या लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली होती! बस लाँचच्या माणसांसाठीच थांबते, जेट्टीवरून चालत बाहेर यायला वेळ लागतो तेवढ्यात कशी जाईल? तिकिटाचा कागद मी लाँचमध्येच फेकून दिला होता. तो जपून ठेवायचा, बसमध्ये बघतात.

---

घाटावरचा_बाळ्या (बुधवार, ४:००)

म्हणजे शेवटी रिक्षाच! मी म्हणत होतो ना.

---

मीनल_डोंबिवली (गुरुवार, सकाळी ८:१५)

मंडळी, मुलगा पुन्हा जायचं म्हणून मागे लागलाय. या वेळी चालत. येत्या रविवारी जाऊ म्हणतोय. मीच हिशोब केला: कालनिर्णयात कृष्ण तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे भरती पहाटे सव्वादोनला, सुकती सकाळी साडेआठच्या आसपास, पुन्हा भरती दुपारी अडीच-पावणेतीनला. पौर्णिमा नुकती झालेली, म्हणजे उधाण, वाट कोरडी. बरोबर का मास्तर?

---

थळकर_मास्तर (गुरुवार, ८:४०)

दहापैकी दहा. वर्तमानपत्रातली वेळ मात्र शनिवारी पडताळा. पण डोंबिवलीहून साडेआठला किनाऱ्यावर पोहोचणार कशा? अकराला आलात तर पाणी जोरात चढत असेल, चालत नाहीच, टांगेही बंद व्हायच्या बेतात असतील. एक तर शनिवारी रात्रीच येऊन राहा, सकाळी साडेसातला निघा आणि सव्वानऊला वाळूवर परत या. नाहीतर पुढच्या अष्टमी-नवमीचा शनिवार-रविवार बघा.

---

मीनल_डोंबिवली (गुरुवार, ९:०५)

शनिवारी रात्री राहतो. सासूबाई म्हणतात त्या किनाऱ्यावरच बसणार, काठी खोचून.